मदत हवी आहे: रेड-ब्लॅक ट्रीमधून नोड काढला की काळ्यांची संख्या जुळत नाही

अर्धवट_कोड: दोन दिवस झाले याच्यात अडकलोय. डिलीट केल्यावर डबल ब्लॅक येतो तो घालवायचा कोड लिहिलाय, चारही केस आहेत, तरी माझा चेक बोंबलतो. इनऑर्डर बरोबर येतो, लालखाली लाल कुठेच नाही, मग प्रॉब्लेम काय? लवकर सांगा प्लीज.

खिडकीपाशी: कोड कुठाय? कुठला नोड काढल्यावर? नल पॉइंटर वापरतोस की NIL चा वेगळा नोड? यातलं काहीच लिहिलं नाहीस, आता काय कुंडली मांडून सांगायचं का

मोरपीस७: काका लाल असेल तर रोटेशन नकोच, बाबा आणि काका काळे करायचे, आजोबा लाल, आणि वर सरकायचं. मला याच्यानेच सुटलं होतं.

खिडकीपाशी: अहो ते इन्सर्टचं. डिलीटमधे काकाला कोण विचारतं, तिथे भाऊ आणि पुतणे बघायचे.

जुना_खेळाडू: मी पैज लावतो, सक्सेसरचा रंग चुकलाय. नोड काढताना मूळ नोडचा रंग बघतात सगळे, पण बघायचा असतो जो जागेवरून खरंच हलला त्याचा. माझा एक आठवडा यात गेलाय.

अर्धवट_कोड: NIL वेगळा नोड आहे, काळा. p म्हणजे डबल ब्लॅकचा पेरेंट, w म्हणजे भाऊ. 20, 10, 30, 25, 40, 50 या क्रमाने टाकले, मग 50 काढला, काही झालं नाही, मग 10 काढला की फुटतं. चेक म्हणतो 20 पाशी डावीउजवीकडे काळे सारखे नाहीत. भाऊ लाल असतानाचा तुकडा हा, याच्याखाली बाकीच्या तीन केस:

```
if (w->color == RED) {
    w->color = BLACK;
    p->color = RED;
    rotateLeft(p);
}
```

जुना_खेळाडू: बघा, सक्सेसरच असणार.

खिडकीपाशी: 10 ला मुलंच नाहीत हो, सक्सेसर कुठून आणणार? तुमचा मुद्दा खरा आहे पण इथला नाही.

@अर्धवट_कोड, कागद घे. 50 लाल पान होतं म्हणून गुपचूप गेलं. आता 20 काळा रूट, डावीकडे 10 काळा, उजवीकडे 30 लाल, त्याखाली 25 आणि 40 काळे. 10 गेला, त्याच्या जागी डबल ब्लॅक. भाऊ 30 लाल, म्हणून तू रोटेशन केलंस ते बरोबरच. आता 30 वर गेला, 20 लाल होऊन त्याच्या डावीकडे आला आणि 25 हा 20 चा उजवा मुलगा झाला. म्हणजे डबल ब्लॅकचा भाऊ आता 25 आहे. तुझा w मात्र अजून 30 लाच धरून बसलाय, जो आता आजोबा झालाय!

पुढे कोड 30 ची मुलं बघतो, डावा 20 लाल, उजवा 40 काळा. त्याला वाटतं जवळचा पुतण्या लाल आहे. म्हणून 30 वर उलटं रोटेशन, झाड होतं तिथे परत, मग लांबच्या पुतण्याची केस लावून पुन्हा डावीकडे फिरवतो. शेवटी 30, 20, 25, 40 सगळे काळे. 20 च्या डावीकडे नुसता NIL, उजवीकडे काळा 25, हेच तुझा चेक ओरडतोय. एकही लाल उरला नाही तर लालखाली लाल दिसणार कसा.

रोटेशननंतर एक ओळ टाक:

```
w = p->right;
```

मग 25 ची दोन्ही मुलं काळी, 25 लाल होतो, 20 लाल होता तो काळा होतो, संपलं. भाऊ लाल असण्याच्या केसने डबल ब्लॅक जात नाही, ती फक्त भाऊ काळा करून देते.

मोरपीस७: एवढं डोकं कशाला फोडायचं, एव्हीएल घ्या, रंगांची भानगडच नाही.

खिडकीपाशी: आणि डिलीटमधे पार रूटपर्यंत रोटेशनं करत बसा. इथे जास्तीत जास्त 3 लागतात, बाकी नुसते रंग.

मोरपीस७: शोधायला एव्हीएलच बरं, उंची कमी असते. शोधणंच जास्त असेल तर तुमची 3 रोटेशनं वाचवून करायचं काय?

जुना_खेळाडू: NIL चा वेगळा नोडही लागत नाही खरं तर. जावाच्या TreeMap मधे नाहीये. नोडला मुलं नसतील तर तो जागेवर असतानाच त्याच्यावर फिक्स चालवतात, मग तोडतात. मी तसंच करतो.

अर्धवट_कोड: ती ओळ टाकली, 10 वालं चाललं!! थँक्स. पण रँडम आकडे टाकून काढले तर अजून कधीकधी तोच एरर येतो, उजव्या बाजूचं काढलं की. तिथला कोड मी डावीकडचाच कॉपी करून left चं right केलंय.

खिडकीपाशी: आत्ताची नवीन ओळ पण कॉपी केलीस का तिकडे? उलटवून? तो भाग टाक इथे.

जुना_खेळाडू: रँडममधे दोन मुलांचे नोड पण येतात हां. सक्सेसरचा रंग बघून घे एकदा.