मदत हवी आहे: पोस्टरच्या एकाच ओळीत देवनागरी आणि लॅटिन जुळत नाही

ए१ पोस्टरचं शीर्षक एका ओळीत आहे: तीन देवनागरी शब्द आणि मध्ये कॅपिटल-स्मॉल मिश्र असा एक लॅटिन शब्द. दोन्ही फॉन्ट सॅन्स आहेत. लॅटिन फॉन्ट ठरलेला आहे, बदलता येणार नाही. देवनागरी व्हेरिएबल आहे, म्हणजे वजन हवं तसं कमीजास्त करता येतं.

लॅटिनची एक्स-हाइट ३० मिमी, कॅपिटल ४० मिमी आणि उभा दांडा ७ मिमी. त्याच पॉइंट साइझला देवनागरीची शिरोरेषा ३६ मिमीवर येते आणि काना ८ मिमी जाड दिसतो.

शिरोरेषा कॅपिटलला भिडवली तर देवनागरी अंगावर येते, शिवाय वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीत घुसतात. एक्स-हाइटला आणली तर 'ष्ठ'मधल्या पोकळ्या बुजतात आणि मराठीच दुय्यम वाटते, ते तर मुळीच नको. सध्या ९४ टक्क्यांवर, म्हणजे ३४ मिमीला ठेवली आहे. उंची डोळ्याला पटते.

अडलंय ते जाडीपाशी. वजन उतरवून काना बरोबर ७ मिमी केला, तरी लांबून देवनागरी काळीच दिसते. बहुधा सलग शिरोरेषेमुळे. आणखी उतरवलं की जवळून काना लॅटिन दांड्यापुढे किरकोळ वाटतो. आउटलाइनला स्ट्रोक देऊन जाडी वाढवायची नाही, कोपरे बिघडतात.

अशा वेळी तुम्ही काना आणि दांडा मोजून जुळवता, की एकूण काळेपणा जुळवून कान्यातला फरक सोडून देता? आणि पोस्टर चार-पाच मीटरवरून वाचायचं असेल तर यातलं काय धरायचं?