मदत हवी आहे: पोह्यांच्या एका प्लेटचा खर्च कसा काढावा?

नमस्कार मंडळी, ऑफिसच्या नाश्त्यासाठी कांदेपोह्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत, म्हणून खर्च नीट काढतेय. एक किलो पोह्यांत माझ्या मापाने 14 प्लेट होतात.

पोह्यांचं अर्धा किलोचं पाकीट 35 रुपयांना, म्हणजे 70 रुपये. शेंगदाणे अर्धा किलो 80 ला, लागतात 150 ग्रॅम, म्हणजे 24. तेलाची पिशवी 1 लिटरची, 150 रुपयांना, पण त्यावर वजन 910 ग्रॅम छापलंय. मी तेल काट्यावर तोलते, म्हणून भागाकार 1000 ने न करता 910 ने केला. 150 ग्रॅमचे साधारण 25 रुपये झाले. हे बरोबर ना?

खरी अडचण कांद्याची आहे. 40 रुपये किलोचा अर्धा किलो कांदा सोलून, देठं काढून 440 ग्रॅमच उरतो. मला चिरलेला 500 ग्रॅम हवा, म्हणजे 570 ग्रॅम घ्यावा लागेल आणि 20 चे 23 होतील. तुम्ही आणलेलं वजन धरता की चिरलेलं?

एकूण 142, म्हणजे प्लेटमागे दहाच्या थोडं वर. यात फोडणी, लिंबू, गॅस नाही. कोथिंबिरीची जुडी अर्धीच लागते, उरलेली बहुतेक वेळा सुकते. मग पूर्ण जुडी याच ऑर्डरीवर टाकायची का? घरून ऑर्डरी घेणाऱ्यांनी कृपया सांगा.