‘बॅनरवर नाव टाकतो, पटाचं शूटिंग करून दे’: नकार कसा कळवावा?

रानवाट: यवतमाळ जिल्ह्यात लग्नं, बारशी, शेतीचे व्हिडिओ अशी शूटिंगची कामं करतो. शेजारच्या गावात संक्रांतीनंतर बैलजोड्यांच्या शर्यतींचा दोन दिवसांचा शंकरपट आहे. समितीचा निरोप आला: दोन्ही दिवस पूर्ण शूटिंग, ड्रोन आणि वर चार-पाच रील्स. मोबदला म्हणजे मोठ्या बॅनरवर माझा फोटो आणि माइकवरून नाव. ‘पुऱ्या जिल्ह्यात ओळख होते तुही’ म्हणे. नाही म्हणायचं आहे, पण समितीतल्या दोघांच्या घरची लग्नाची कामं माझ्याकडेच येतात. लेखी काय कळवू?

पटशौकीन: राजेहो, पत्र कायले पायजे? गावचा पट हाय, कंपनीचा कार्यक्रम नोहे. बक्षिसाचा पैसा वर्गणीतून येते, मंडप उधारीवर, पाण्याचा टँकर कोणीतरी देल्लेला. २०१४ ते २०२१ पट बंद होते, तवा कोणाच्या हाताले काम होतं? आता सुरू झाले त जो तो बिल घेऊन उभा. दोन दिवस गावासाठी देल्ले त काय बिघडते? आमच्या इकडे दहा पोरं मोबाइल घेऊन तयार हायेत.

जुनालेन्स: पटशौकीनभाऊ, टँकरवाल्याने स्वतःहून दिलं, ते दान. इथे आधी कामाची यादी आली आणि मग बॅनर आलं. दोन्हींत फरक आहे.

रानवाट, पत्र लिहायच्या आधी एक काम कर. समितीला जिल्हाधिकाऱ्यांकडून पटाची परवानगी घ्यावी लागते, आणि तिच्या अटींत शर्यतींचं चित्रीकरण करून ठेवण्याची अट असते. ते परवानगीपत्र मागून वाच. याचा अर्थ असा, की तुझ्याकडे जे मागितलं त्याचे दोन वेगळे तुकडे आहेत. एक, सुरुवातीपासून शेवटच्या जोडीपर्यंतचं सलग रेकॉर्डिंग. हे समितीला लागणारच आहे, हौस नाही. दुसरा, ड्रोन आणि रील्स, ही हौस. फुकटच्या निरोपात दोन्ही एकत्र बांधून दिलेत, म्हणून तुलाही सगळं किंवा काहीच नाही असं वाटतंय. सोडव ती गाठ.

पहिल्या तुकड्यासाठी महागडा कॅमेरा काढूच नको. ४के मध्ये १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी लागतात, आठ तासांत कार्ड आणि कॅमेरा दोन्ही हात टेकतात. साधे दोन हँडीकॅम, एक सुटीच्या रेषेवर, एक शेवटच्या रेषेवर, फुल एचडी, थेट विजेच्या अ‍ॅडॉप्टरवर. तासाला एका कॅमेऱ्याचे अकरा-बारा जीबी होतात. जनरेटरची लाइन समितीने द्यायची, हे पत्रात हवंच. मागच्या बाजूला भज्यांच्या गाडीवाल्याने तीच पिन काढून स्वतःचा बल्ब लावलेला मी पाहिला आहे.

मी असं लिहिलं असतं:

> मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, शंकरपट समिती, यांना सप्रेम नमस्कार.
>
> पटाच्या चित्रीकरणासाठी माझी आठवण ठेवलीत, त्याबद्दल आभारी आहे. बॅनरवरील नावाच्या बदल्यात हे काम स्वीकारणं मला शक्य नाही. दोन दिवस दुसरा माणूस, गाडी आणि संकलन यांचा खर्च मला रोखीने करावा लागतो.
>
> मात्र पट अडू नये म्हणून एक पर्याय ठेवतो. परवानगीसाठी लागणारं दोन्ही दिवसांचं सलग रेकॉर्डिंग, दोन कॅमेऱ्यांनी, १४,००० रुपयांत करून देईन. त्यातले ५,००० आधी, बाकी दुसऱ्या दिवशी शेवटची जोडी सुटल्यावर. फाइली गटवार लावून चार दिवसांत देईन. हार्डडिस्क व जनरेटरची लाइन समितीची.
>
> ड्रोन व रील्स हव्या असल्यास त्याचे ११,००० वेगळे. ही रक्कम एखाद्या प्रायोजकाने थेट दिली तरी चालेल. त्याचं नाव रीलच्या सुरुवातीला पाच सेकंद दाखवीन.
>
> चित्रीकरणाचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. परवानगीच्या कामासाठी आणि समितीच्या स्वतःच्या प्रसिद्धीसाठी ते कायम वापरण्याची मुभा समितीला असेल. निकालासाठी हे रेकॉर्डिंग पुरावा धरू नये.
>
> पटापूर्वी दहा दिवस होकार कळवावा, म्हणजे ती तारीख दुसऱ्या कोणाला देणार नाही. काम जमलं नाही तरी पट पाहायला येणारच आहे.

‘पुरावा धरू नये’ हे सोडू नकोस. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं आणि आपला कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये चार शतांश सेकंद निघून जातात. दोन जोड्यांत एका शतांशाचा फरक असला की दोन्हीकडचे धुरकरी तुझ्या स्क्रीनवर वाकतात, आणि निकाल कोणाच्याही बाजूने दिसला तरी शिव्या तुलाच.

मेघा_पत्रिका: पत्र चांगलं आहे, पण ‘खर्च मला रोखीने करावा लागतो’ हे वाक्य काढा. मी वर्ध्याकडे लग्नपत्रिका आणि दुकानांचे बोर्ड डिझाइन करते. खर्च सांगितला की समोरचा खर्चावरच घासाघीस करतो: ‘माणूस आम्ही देतो, गाडी आमची घे, आता कितीला?’ मग तुमच्या हाताचे पैसे शून्य. ‘हे माझं रोजचं काम आहे आणि त्याचा दर ठरलेला आहे’ एवढं पुरे.

बाकी १४ आणि ११ मिळून २५,००० होतात. तुमचा नेहमीचा दरही तोच असेल तर छानच. दर कमी केलेला नाही, काम कमी केलंय. पुढच्या वर्षी ‘मागच्या वेळी चौदात केलं होतं’ असं कोणी म्हणालं, तर चौदात काय केलं होतं ते कागदावर आहे.

व्ह्यूजवाला: तुम्ही सगळे उलटं बघताय. फुकट करा, पण चॅनल आपलं ठेवा. बैलजोडीचे व्हिडिओ लाखात जातात. कॅमेरा ज्याचा त्याचा हक्क, समिती काय करणार? उलट पैसे घेतले की तुम्ही मजूर झालात.

जुनालेन्स: अर्धं बरोबर. शेवटचं वाक्य तर तुला वाटतं त्याहून जास्त. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे: कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा चित्रफीत केली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. कॅमेरा कोणाचा हे तिथे विचारत नाहीत. म्हणून पत्रात ती कॉपीराइटची ओळ घातली. ती नसती तर १४,००० घेऊन रानवाटला स्वतःच्याच क्लिप चॅनलवर टाकायला समितीची परवानगी लागली असती.

व्ह्यूजवाला: म्हणजे फुकट केलं तर हक्क आपला. मी तेच म्हणतोय!

जुनालेन्स: बॅनर आणि माइक हा मोबदला धरायचा की नाही, यावर वकील भांडतील. समिती म्हणेल, आम्ही जाहिरात दिली, तोच मोबदला. तू म्हणशील, रुपयाही घेतला नाही. लेखी काहीच नसताना त्या वादात पडायची माझी तयारी नाही.

व्ह्यूजवाला: गावात कोण कोर्टात जातंय, दादा.

बँडवाला_दिग्रस: माझंही असंच झालं. एका मंडळाने मिरवणुकीचे अर्धे पैसे दिले, बाकीचे आजपर्यंत नाही. त्यांना नोटीस पाठवावी का? पत्राचा नमुना द्या.

मेघा_पत्रिका: भाऊ, तुमचे पैसे ठरले होते आणि बुडाले. इथे ठरलेच नाहीत. तुम्हाला हे पत्र उपयोगाचं नाही. ठरलेली रक्कम, तारीख आणि कोणासमोर ठरलं ते लिहून आधी साधं मागणीपत्र द्या.

पटशौकीन: चित्रीकरणाची अट असते हे मले मालूम होतं, मी समितीत राह्यलो हावो. पण मोबाइलवर काढून देल्लं तरी चालून जाते. चौदा हजार कोण देईन? आणि खरं सांगू का, पैशाचं पत्र आलं की समितीत दोन गट पडतात. एक म्हणते देऊन टाका, दुसरा म्हणते पोराले माज आला. त्यापेक्षा अध्यक्षाच्या घरी जाऊन चहा पेता पेता सांगावं. कागद मंग द्यावा.

जुनालेन्स: चहाचं मान्य. माझ्या पत्रापेक्षा तुमचा हा सल्ला कामाचा आहे: आधी तोंडी, मग त्याच संध्याकाळी कागद. मोबाइलचं मान्य नाही. पोरगं दुपारी जेवायला जातं, बॅटरी संपते, मध्येच फोन येतो. नेमका त्याच वेळी बैल बिथरला आणि कोणी तक्रार केली, तर समितीकडे दाखवायला काय राहतं?

प्रायोजकाबद्दल मात्र मला समिती सदस्याकडूनच ऐकायचंय. कृषी केंद्रवाले अकरा हजार देतील का?

पटशौकीन: कापसाचे पैसे हातात आले असले त देतात. नाही त झेंडे आणि टोप्या देतात. पण एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. जोडीमालक पैसे देते. आपली जोडी पयली आली, त्याचा साफ व्हिडिओ पायजे म्हणून लोक दोनशे-तीनशे हसत देतात. बैल विकायच्या वेळी तोच व्हिडिओ दाखवतात.

मेघा_पत्रिका: हे तर पत्रात घालायलाच हवं! ‘जोडीमालकांना त्यांच्या जोडीची क्लिप विकण्यास समितीची हरकत नसावी, माइकवरून तशी घोषणा करावी.’ माइकवरून नाव द्यायला ते तयार आहेतच, मग त्या नावापुढे हे वाक्य जोडून घ्या.

रानवाट: काल अध्यक्षांकडे जाऊन आलो. मेघाताईंनी सांगितलं ते खर्चाचं वाक्य काढलं, क्लिपचं घातलं. त्यांनी दोनदा वाचलं. रेकॉर्डिंगला ‘बारा कर’ म्हणाले. मी म्हटलं, बारा करतो, पण दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीच्या आधीच्या गावगटात एकच कॅमेरा राहील. त्यावर ‘विचारून सांगतो’ म्हणाले. कोषाध्यक्ष तिथेच होते, ते काही बोलले नाहीत, निघताना हातही मिळवला नाही. ड्रोनसाठी एका कृषी केंद्राशी बोलणार आहेत. माझा ड्रोन पाचशे-सहाशे ग्रॅमचा आहे, चालेल ना?

जुनालेन्स: फुकट उडवत होतास तोवर गोष्ट वेगळी होती. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर २०२१ च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. तुझ्याकडे नसेल तर प्रमाणपत्रवाला माणूस बोलाव आणि अकरा हजारांतून त्याचे पैसे आधीच काढून ठेव. आणि जोड्या सुटायच्या जागेवर खाली आणू नकोस, त्या आवाजाने बैल छकड्यासकट आडवे फिरतात.

पटशौकीन: कोषाध्यक्षाचं मनावर घेऊ नको. तो कोणाशीच हात मिळवत नाही.