अनुभव धागा: पासवर्ड ठाऊक असलेल्या आपल्याच पीडीएफची बिनकुलपाची प्रत

सुमेधा_र

आजोबांच्या नऊ वह्या मी काही वर्षांपूर्वी स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये बांधल्या. १४६ पानं. सुरुवातीची ११ पानं मी टाइप केलेली, म्हणजे प्रस्तावना आणि सूची; बाकी सगळी वह्यांची चित्रं. प्रत्येक वहीला डाव्या बाजूला एक बुकमार्क. तेव्हा काही मजकूर घरापुरताच राहावा म्हणून पासवर्ड घातला होता. आता तो मजकूर ज्यांच्याबद्दल होता त्या आत्यानेच सांगितलं की सगळ्यांना वाचू दे. पासवर्ड मला पाठ आहे, फाइल माझीच आहे. पण चौदा भावंडांना फाइल आणि पासवर्ड दोन्ही पाठवायचे, आणि पुढच्या पिढीने तो पासवर्ड जपायचा, हे मला नको आहे. मला एक उघडी प्रत हवी आहे, आणि ती मूळ फाइलसारखीच हवी.

तुम्ही आपल्या फाइलींचं कुलूप काढलं असेल तर कसं काढलंत, आणि नंतर काय बिघडलेलं आढळलं, ते लिहा. बिघडलेलं आवर्जून लिहा.

मोकळी_हवा

याला काहीच लागत नाही. ब्राउझरमध्ये फाइल उघडायची, पासवर्ड द्यायचा, प्रिंटमध्ये जाऊन प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडायचं. नवी फाइल पासवर्ड मागत नाही. मी पगाराच्या पावत्या गेली तीन वर्षं अशाच साठवतो. फाइल तीच असते, फक्त कुलूप जातं.

नंदिनी_जोशीण

मी ब्राउझरमध्ये पासवर्ड देऊन फाइल उघडली आणि वरच्या बाणावर टिचकी मारून उतरवून घेतली. उघडलेल्या अवस्थेत उतरवतेय म्हणजे उघडीच उतरेल असं धरून चालले आणि बहिणीला पाठवली. तिचा रात्री फोन, पासवर्ड काय आहे? तो बाण मूळ फाइलच जशीच्या तशी उतरवतो. पासवर्ड दिल्याने फाइल आपल्याला दिसते, डिस्कवरची फाइल बदलत नाही. तेव्हापासून कोणतीही प्रत पाठवण्याआधी मी ती दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडून पाहते.

लेखणीबहाद्दर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या जुन्या प्रबंधाच्या पीडीएफचा पासवर्डच मी विसरलोय. वरचा प्रिंटचा उपाय चालेल का?

अक्षरजुळारी

नाही चालणार. प्रिंट करायलाही फाइल आधी उघडावी लागते. धागा पासवर्ड ठाऊक असलेल्या फाइलींचा आहे. तुमच्यासाठी वेगळा काढा, इथे दोन्ही गोष्टींची सरमिसळ होईल.

मोकळी_हवा, पगाराच्या एकपानी पावतीला प्रिंट पुरतं, सुमेधाताईंच्या वह्यांना नाही. प्रिंट म्हणजे प्रत्येक पान नव्याने छापणं. छापलेल्या कागदावर बुकमार्क नसतात, तसे नव्या फाइलमध्येही राहत नाहीत. आतले दुवे आणि भरायचे रकाने बहुधा जातात. वह्यांची पानं ए४ मापाची नसणार, ती ए४ मध्ये बसवली जातात आणि कडेला पांढरी पट्टी येते. चित्रं पुन्हा दाबली जाऊ शकतात, म्हणजे फिकट शाईची अक्षरं आणखी पुसट.

कुलूप खरोखर काढणं वेगळं. पीडीएफमधला पानांचा मजकूर आणि चित्रं एका किल्लीने गुंडाळलेली असतात आणि पासवर्डावरून ती किल्ली मिळते. qpdf हा मोफत प्रोग्राम ती गुंडाळी सोडवतो आणि तोच माल, तसाच, बिनकिल्लीने नव्या फाइलमध्ये लिहितो. चित्रं पुन्हा दाबत नाही, पानांची मापं आणि बुकमार्क जागच्या जागी राहतात. टर्मिनलमध्ये एवढीच ओळ:

```
qpdf --password='तुमचा-पासवर्ड' --decrypt vahya.pdf vahya-khuli.pdf
```

मूळ फाइलला हात लागत नाही, शेजारी नवी तयार होते. दोन्ही नावं वेगळी ठेवा.

मोकळी_हवा

बुकमार्कचं मी तपासलं नव्हतं. पावत्यांना बुकमार्क नसतातच. आत्ता एका पुस्तकावर करून पाहिलं आणि डावीकडची यादी खरंच रिकामी आली. शोध मात्र चालतोय, त्यामुळे प्रिंटमध्ये सगळाच मजकूर चित्र होतो असंही नाही.

अक्षरजुळारी

बरोबर, सगळ्यांचं तसं होत नाही. कोणता प्रोग्राम छापतो त्यावर ते ठरतं. नव्या प्रतीत सूचीतला एक शब्द शोधून पाहायचा. सापडला नाही तर मजकुराचं चित्र झालंय.

घरचा_दिवा

माझ्याकडे मॅक आहे आणि टर्मिनलची भीती वाटते. Preview मध्ये फाइल उघडली, पासवर्ड दिला, File मधून Export घेतलं आणि Encrypt वरची खूण नाही ना, हे पाहून नव्या नावाने जतन केलं. आईच्या वैद्यकीय अहवालांच्या बाबतीत काम झालं. पण एका फाइलला त्याने आणखी एक, वेगळाच पासवर्ड मागितला. माझ्या समजुतीने प्रत्येक पीडीएफला दोन पासवर्ड असतात आणि दोन्ही ठाऊक असल्याशिवाय कुलूप निघत नाही.

अक्षरजुळारी

अर्धं बरोबर आहे. दोन असू शकतात: एक उघडण्याचा, दुसरा मालकाचा, ज्याने छपाई, नक्कल, बदल यांवरचे निर्बंध ठरतात. पण आतला मजकूर सोडवायला उघडण्याचा पासवर्ड पुरतो. निर्बंध म्हणजे फाइलमधल्या सूचना. त्या पाळायच्या की नाही हे प्रोग्राम ठरवतो. Acrobat पाळतो, म्हणून मालकाच्या पासवर्डाशिवाय तो सुरक्षा काढू देत नाही. qpdf त्यांवर अडत नाही. म्हणूनच ही सोय आपल्या स्वतःच्या फाइलींसाठीच वापरायची. दुसऱ्याने निर्बंध घालून वाचायला दिलेली फाइल आपली होत नाही, आणि यावर मी तडजोड करत नाही.

सुमेधा_र

मी लिनक्सवर करून पाहिलं. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, पण इथे हे येतंय:

```
qpdf: vahya.pdf: invalid password
```

तीनदा केलं. काहीतरी मुळातच चुकतंय.

अक्षरजुळारी

पासवर्डात $ आहे का? आणि तुम्ही दुहेरी अवतरणचिन्हं घातलीत का?

सुमेधा_र

दोन्ही हो. पासवर्ड आता बदलायचाच आहे, म्हणून इथे लिहिते: `Vahi$1954`. आजोबांनी पहिली वही सुरू केली ते साल.

अक्षरजुळारी

मग qpdf पर्यंत तुमचा पासवर्ड पोहोचलाच नाही. दुहेरी चिन्हांच्या आत `$1` दिसलं की टर्मिनल त्याला स्वतःची खूण समजतं. त्या जागी काहीच नसल्यामुळे ती पुसली जाते आणि qpdf ला मिळतं `Vahi954`. ते चूकच आहे. एकेरी चिन्हं घाला, आत एकेरी चिन्ह सोडून काहीही असलं तरी टर्मिनल हात लावत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र उलटं: तिथे एकेरी चिन्हं पासवर्डाचाच भाग धरली जातात, म्हणून दुहेरीच लावायची.

अजून एक गोष्ट. असा टाइप केलेला पासवर्ड टर्मिनलच्या इतिहासात राहतो. तोच दुसरीकडे वापरत असाल तर तो एका फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा आणि ती फाइल नंतर पुसा:

```
qpdf --password-file=pw.txt --decrypt vahya.pdf vahya-khuli.pdf
```

ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहू देऊ नका. ती काढली जात नाही, पासवर्डाचा भाग धरली जाते, आणि पुन्हा तीच invalid password ची तक्रार येते. माझे यावर दोन तास गेले आहेत.

दस्तऐवज_काका

माझ्याकडे कामाच्या अनुभवाचं एक प्रमाणपत्र होतं, डिजिटल सही केलेलं आणि पासवर्ड घातलेलं. अर्जाला जोडताना पासवर्डवाली फाइल घेत नाहीत म्हणून मी qpdf ने कुलूप काढलं. पान जसंच्या तसं दिसत होतं, सहीचं चित्रही जागेवर. पाठवल्यावर उत्तर आलं, सही वैध नाही. मला आधी वाटलं, त्यांच्याकडचंच काही बिघडलंय. मग सही केलेली मूळ फाइल उघडून पाहिली, ती व्यवस्थित वैध. सही फाइलच्या बाइटांवर बसलेली असते. कुलूप काढताना फाइल नव्याने लिहिली जाते, बाइट बदलतात, आणि सही तुटते. चूक कोणाचीच नव्हती, मला ठाऊक नव्हतं. मूळ फाइल मी जपून ठेवली होती म्हणून वाचलो. शेवटी तीच वेगळ्या वाटेने पासवर्डासकट दिली. सही असलेल्या फाइलची उघडी प्रत वाचण्यापुरती ठेवा. पुरावा म्हणून मूळच लागते.

नंदिनी_जोशीण

हे मला नवीनच. प्रिंटनेही सही जाते का?

दस्तऐवज_काका

प्रिंटमध्ये सही उरतच नाही, तिचं चित्र फक्त उरतं. ते जास्त फसवं, कारण तपासणाऱ्याला चूकसुद्धा दिसत नाही.

रानवाट

कुलूप काढल्यावर प्रत कुठे जाते तेही पाहा. मी माझ्या विम्याची कागदपत्रं उघडी केली आणि ज्या फोल्डरमध्ये होतो तिथेच जतन केली. तो फोल्डर आपोआप क्लाउडवर चढत होता, आणि त्याचा दुवा मी वर्षभरापूर्वी एका माजी सहकाऱ्याला दिला होता. चार दिवस फाइल तिथे होती. पाहिली की नाही ते मला कधीच कळणार नाही. म्हणून मी म्हणतो, कुलूप मुळात काढूच नये, पासवर्ड नीट लिहून ठेवावा. कुलूप काढून देणाऱ्या संकेतस्थळांवर तर फाइल आणि पासवर्ड दोन्ही परक्याच्या हाती जातात.

सुमेधा_र

संकेतस्थळांबद्दल अगदी मान्य. कुलपाबद्दल नाही. वह्या वाचल्या जाव्यात म्हणूनच मी त्या स्कॅन केल्या. आमच्या घरात पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी एकदा हरवलेली आहे, मी थोडक्यात वाचले.

एकेरी चिन्हांनी काम झालं. मूळ फाइल ३८ एमबी होती, नवीही जवळपास तेवढीच. नऊही बुकमार्क आहेत, सूचीतला शब्द शोधला तर सापडतो. तिसऱ्या वहीतल्या पेन्सिलीच्या ओळी दोन्ही फाइलींत शेजारी ठेवून मोठ्या करून पाहिल्या, फरक दिसला नाही. मग हेही चालवलं:

```
qpdf --show-encryption vahya-khuli.pdf
```

उत्तर आलं, `File is not encrypted`. फक्त कुलूप काढताना शेवटी एक ओळ आली होती: `operation succeeded with warnings`. सगळी १४६ पानं चाळली. ८७वं पान कोरं आहे, पण ते मूळ फाइलमध्येही कोरंच आहे. इशारा त्याचाच का?

अक्षरजुळारी

तेवढ्यावरून सांगता येणार नाही. मूळ आणि नवी, दोन्हींवर `qpdf --check` चालवा. मूळला पासवर्डही द्यावा लागेल. मूळमध्ये तक्रार येत असेल तर ती जुनीच आहे आणि कुलूप काढल्यामुळे आलेली नाही. दोन्ही उत्तरं इथे टाका.

सुमेधा_र

चालवते. ८७व्या पानाची मूळ वही आत्याकडे आहे. ते पान तिथेही कोरं आहे का, तेही तिला विचारलंय.