मदत हवी आहे: ७.४ सीजीपीए म्हणजे जर्मन ग्रेड नक्की किती? दर ठिकाणी वेगळा आकडा येतोय

घाईतला
नमस्कार मंडळी. मास्टर्सच्या अर्जात जर्मन ग्रेडचा रकाना आहे. माझा सीजीपीए ७.४. कोर्सच्या पानावर २.५ किंवा त्याहून चांगली ग्रेड हवी असं स्पष्ट लिहिलंय. एका कॅल्क्युलेटरने २.३ दिलं, दुसऱ्याने २.५६. मित्राने टक्क्यांवरून काढलं तर २.६७ आलं. पोर्टल लवकरच बंद होतंय. यातला कुठला भरू? "विद्यापीठाला मेल कर" हे कृपया सांगू नका, केलाय, उत्तर नाही.

बोरूबहाद्दर
२.६७ भर की. सगळ्यात जास्त तोच आहे, आणि २.५ च्या वरही आहे. यात एवढं काय विचारायचं?

रिकामटेकडा
@बोरूबहाद्दर, जर्मनीत उलटं असतं हो. १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. तुमचं ऐकलं तर बिचारा स्वतःच्या हाताने अर्ज बाद करून घेईल.

टोरांटोकर
तू थेट डब्ल्यूईएसकडून इव्हॅल्युएशन करून घे. माझं तिकडूनच झालं. विद्यापीठ सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट पाठवतं, ते विषयवार तपासतात आणि ४ पैकी जीपीए काढून देतात. तो सगळीकडे चालतो.

रिकामटेकडा
सगळीकडे नाही चालत. तो अमेरिका-कॅनडाचा मार्ग. जर्मन विद्यापीठ ४ पैकी जीपीए घेऊन काय करणार? त्यांना मूळ गुणपत्रिका लागते, रूपांतर एक तर विद्यापीठ स्वतः करतं किंवा विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्ज तपासणारी युनि-असिस्ट ही संस्था करते.

टोरांटोकर
अनुभव सांगितला, घ्यायचा तर घ्या.

नोंदवही
धागाकर्ते, आधी चार गोष्टी सांगा, त्याशिवाय कुठलाही आकडा हवेतला. अर्ज थेट विद्यापीठाकडे आहे की युनि-असिस्टमधून? ७.४ दहापैकीच ना? गुणपत्रिकेच्या मागे श्रेणींचा तक्ता असतो, त्यात पास होण्याची सर्वांत खालची श्रेणी किती गुणांकाची आहे? आणि ते २.६७ काढताना टक्के कुठून आणले?

(मी एका जर्मन विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात विद्यार्थी-सहायक म्हणून हेच काम केलंय, म्हणून विचारतेय.)

घाईतला
अर्ज थेट आहे. दहापैकीच, आणखी कशापैकी असणार? मागच्या तक्त्यात ओ = १०, मग ए प्लस, ए, बी प्लस असं उतरत सी = ५, पी = ४, एफ = ०. टक्के गुणपत्रिकेवरच छापलेत, ६६.५. सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं, असं तळाशी लिहिलंय. आता सांगा, किती भरू?

चष्मेबद्दूर
०.७५ वगैरे काही नाही. सीजीपीएला ९.५ ने गुणायचं, सगळं जग तेच करतं. ७.४ गुणिले ९.५ म्हणजे ७०.३ टक्के. त्याने जर्मन ग्रेड २.४८ येते, म्हणजे तू आत. प्रश्न मिटला.

नोंदवही
९.५ हा सीबीएसईने दहावीसाठी वापरलेला गुणक. याच्या विद्यापीठाने स्वतःचं सूत्र गुणपत्रिकेवर छापलंय, तिथे दुसऱ्याचा गुणक लावला तर कागद एक सांगणार आणि अर्ज दुसरं.

आता मूळ मुद्दा. जर्मनीत वापरतात ते सुधारित बव्हेरियन सूत्र असं:

```
N = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

Nmax म्हणजे त्या मोजपट्टीवर मिळू शकणारा सर्वोच्च गुण, Nmin म्हणजे पास व्हायला लागणारा किमान गुण, Nd म्हणजे तुमचा. तिन्ही आकडे एकाच मोजपट्टीवरचे हवेत. सगळा घोळ इथेच होतो.

तुमच्या तक्त्याप्रमाणे १० आणि ४ घेतले तर २.६ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.३. पहिला कॅल्क्युलेटर हेच करतोय. दुसऱ्याने किमान गुण ५ धरलाय, म्हणून २.५६. मित्राने ६६.५ टक्के घेतले, वर १०० आणि खाली ४० धरले, म्हणून २.६७.

पण मित्राचा हिशेब पुन्हा बघा. तुमच्या विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढायचे, तर १० पैकी १० मिळवणाऱ्यालासुद्धा ९२.५ च टक्के मिळतात. १०० कुणालाच मिळू शकत नाहीत. आणि काठावर पास होणाऱ्या ४ चे होतात ३२.५, ४० नव्हे. म्हणजे टक्क्यांत करायचंच असेल तर वर ९२.५ आणि खाली ३२.५ घ्या. ९२.५ वजा ६६.५ म्हणजे २६. भागिले ६०, गुणिले ३, अधिक १. पुन्हा २.३ च.

रिकामटेकडा
वा! मग ९.५ ने पण तेच यायला हवं. वर ९५, खाली ३८. २४.७ भागिले ५७, गुणिले ३, अधिक १... २.३. आलं की!

नोंदवही
येणारच. ही सगळी सूत्रं सरळ रेषेतली आहेत. दोन्ही टोकं बरोबर हलवली तर जर्मन ग्रेड हलत नाही. तुमचा गुण एका पट्टीवर आणि टोकं दुसऱ्या पट्टीवर ठेवली की ग्रेड उगाच घसरते किंवा चढते.

चष्मेबद्दूर
गणित ठीक आहे हो, पण तिथला कर्मचारी ९२.५ कशाला घेईल? टक्के दिसले की तो शंभर आणि चाळीसच घेणार. मी पाहिलंय.

नोंदवही
यात तथ्य आहे, मान्य. ज्याच्यासमोर अर्जांचा ढीग आहे तो तळातली ओळ वाचून ९२.५ काढत बसत नाही. म्हणून टक्के पुढे करायचेच नाहीत. अर्जात "अंतिम गुण" विचारतील तिथे ७.४०, "सर्वोच्च" १०, "किमान उत्तीर्ण" ४ असं लिहा आणि मागच्या तक्त्याचं पानही स्कॅन करून जोडा. बरेच जण पुढची बाजूच जोडतात. मग तपासणारा स्वतःच्या अंदाजाने किमान गुण धरतो.

पुणेरीपाटी
एपीएस प्रमाणपत्र काढलं का? त्यावर जर्मन ग्रेड लिहून येते, मग हा काथ्याकूट कशाला?

रिकामटेकडा
नाही येत. एपीएस तुमची कागदपत्रं खरी आहेत की नाहीत ते बघतं. रूपांतरित ग्रेड येते ती युनि-असिस्टच्या व्हीपीडीवर, म्हणजे त्यांच्या प्राथमिक तपासणीच्या कागदावर, आणि इथे अर्ज थेट आहे असं त्याने वर लिहिलंय.

पुणेरीपाटी
पण एपीएस लागतंच ना? त्याशिवाय व्हिसा नाही.

रिकामटेकडा
लागतं. पण त्याने ते विचारलेलं नाही!

घाईतला
एपीएस आलंय आधीच. @नोंदवही, एक अडचण. आमच्या परीक्षा नियमावलीत असं आहे की विषयात पास व्हायला ४ चालतात, पण पदवी मिळायला एकूण सीजीपीए किमान ५ लागतो. मग किमान गुण ४ की ५?

नोंदवही
हे आधी सांगायचं होतं! आता प्रश्न खरोखर अवघड झाला. तुम्ही रूपांतर करताय पदवीच्या एकूण गुणाचं, विषयाच्या गुणाचं नाही. पदवी ५ च्या खाली मिळतच नसेल, तर पदवीच्या पट्टीचं खालचं टोक ५ आहे असं तपासणारा म्हणू शकतो, आणि त्याचं म्हणणं चुकीचं ठरवता येत नाही. आमच्या कक्षात अशा नियमावल्या आल्या की ५ च धरायचे. दुसरीकडे मात्र तक्त्यातली पासची श्रेणी सरळ उचललेली पाहिली आहे.

चष्मेबद्दूर
मग नियमावली जोडायचीच नाही. तक्ता जोड, ४ लिही, विषय संपला.

नोंदवही
नियमावली त्यांनी मागितलेली नसेल तर जोडू नका, इथवर ठीक. पण तुमच्या पदवीची त्यांच्याकडे आधीची नोंद असेल तर ते ५ लावतील आणि तुम्ही भरलेला आकडा खोडतील. रकान्यातली ग्रेड ही तुमची घोषणा असते, निकाल त्यांच्या हिशेबाचा. परीक्षा विभागाकडून किमान उत्तीर्ण गुणाचं पत्र मिळत असेल तर मागून ठेवा. त्यावर विभाग जे लिहील ते मात्र मुकाट्याने मान्य करावं लागेल.

आणि ५ धरले तरी लगेच बाहेर फेकले जाल असं नाही. २.५६ चं काय करतात ते बघा. प्रवेश नियमांचा दस्तऐवज "Satzung" या शब्दाने शोधा. त्यात ग्रेड किती दशांशांपर्यंत घेतात ते असतं. जर्मन सरासरीत पुष्कळ ठिकाणी पहिल्या दशांशापुढचे आकडे गाळून टाकतात, जवळच्या आकड्याकडे नेत नाहीत. तसं असेल तर २.५६ चे होतात २.५.

रिकामटेकडा
२.५६ चे २.६ होतात, शाळेत शिकवलंय. गाळतात कसले?

नोंदवही
शाळेत शिकवलेलं बरोबरच आहे, पण इथे नियम चालतो. तसा उल्लेख असेल तरच गाळायचे, नसेल तर २.६ होतील हे धरून चाला.

बोरूबहाद्दर
अवांतर: पण जिथे ७.४ म्हणजे वर्गात पहिले पाच, तिथल्या पोराला २.५ आणि जिथे सर्रास ९ वाटतात तिथल्याला १.५. हे सूत्र कंजूस विद्यापीठांवर अन्याय करतं.

चष्मेबद्दूर
+१. सूत्रातल्या वरच्या टोकाला वर्गातल्या पहिल्याचे गुण घ्यायला हवेत.

नोंदवही
अन्याय होतो, खरं आहे. पण सूत्रात सर्वोच्च म्हणजे मिळू शकणारा, मिळालेला नाही. वर्गातल्या क्रमांकाचं पत्र असेल तर जोडा. जिथे ग्रेडशिवाय प्रेरणापत्र किंवा मुलाखतीला गुण असतात तिथे त्याचा उपयोग होतो. २.५ ची पायरी मात्र त्याने ओलांडता येत नाही.

घाईतला
दस्तऐवज सापडला. जर्मनमध्ये आहे, "eine Dezimalstelle" आणि "ohne Rundung" असं आहे. म्हणजे एक दशांश, न पूर्णांकित करता?

नोंदवही
हो. म्हणजे ५ धरले तरी तुम्ही २.५, आणि २.५ चालतं. आता धोका फक्त टक्क्यांचा राहिला. २.६७ गाळले तरी २.६.

घाईतला
पण टक्के गुणपत्रिकेवरच छापलेत, ते लपवू कसे?

नोंदवही
लपवायचे कशाला? रकान्यात सीजीपीए लिहा, आणि टिप्पणीची जागा असेल तर दोन ओळी: टक्के सीजीपीएवरून काढलेले आहेत, सूत्र तळाशी छापलेलं आहे, त्या पट्टीवर कमाल ९२.५ होतात. तपासणाऱ्याने तरीही १०० आणि ४० लावले तर नकारपत्रात हरकतीची मुदत दिलेली असते, तेव्हा हाच हिशेब पाठवा.

घाईतला
जर्मन ग्रेडच्या रकान्यात मग २.३ की २.५?

चष्मेबद्दूर
२.३! तक्ता तुझ्या बाजूने आहे.

रिकामटेकडा
२.५ भर. दोन्ही हिशेबात टिकतो, आणि पायरी तीच आहे.

नोंदवही
जागा ग्रेडच्या क्रमाने भरत असतील तर २.३ आणि २.५ मध्ये फरक पडतो. फक्त किमान अट असेल तर नाही पडत. कोर्सच्या पानावर जागांची मर्यादा आहे का ते बघून ठरवा.

टोरांटोकर
डब्ल्यूईएसकडून करून घेतलं असतं तर एवढा वेळ गेला नसता.