एएमसीच्या करारातून भेटी, सुटे भाग आणि प्रतिसादाची मुदत नेमकी कशी काढावी?

प्लँटवाला
स्क्रू कॉम्प्रेसरच्या वार्षिक देखभाल करारातून वर्षातील भेटी, करारात येणारे सुटे भाग आणि तक्रारीनंतर तंत्रज्ञ येण्याची मुदत एका तक्त्यात उतरवायची आहे. दरपत्रकाच्या पानावर ‘४ भेटी, सर्वसमावेशक, प्रतिसाद ८ तास’ असे लिहिले आहे. तेवढे पुरे का?

खरेदीकक्ष
भेटी व मुदत दरपत्रकावरूनच घ्यावी, कारण रक्कम त्यावरच ठरते. करार सर्वसमावेशक असल्याने सुटे भाग सगळेच आले, त्यामुळे परिशिष्टात शिरायची गरज नाही.

नटबोल्ट
दरपत्रकापासून सुरुवात करणे योग्य, पण सुट्या भागांबाबत असहमत. ‘सर्वसमावेशक’ करारातही तेल, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर आणि सेपरेटर हे उपभोग्य वस्तू म्हणून परिशिष्टात वगळलेले असू शकतात, आणि एअर-एंड धरला असला तरी ‘ठरल्या वेळी तेल बदलले असल्यास’ अशी अट मागे लागलेली असते. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर कलम क्रमांक, मूळ शब्द आणि अट असे तीन स्तंभ ठेवावेत. दरपत्रक व परिशिष्ट यांत विसंगती दिसल्यास कोणते ग्राह्य, हे सांगणारे कलमही शोधावे. ते बहुधा शेवटच्या सर्वसाधारण अटींत दडलेले असते.

मुदतीच्या आकड्यापेक्षा घड्याळ केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते हे महत्त्वाचे. समजा, व्याख्येत कामाचे तास सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असे आहेत. शनिवारी दुपारी ४ वाजता तक्रार नोंदवली, तर त्या दिवशी २ तास मोजले जातात, रविवार सुटतो आणि उरलेले ६ तास सोमवारी दुपारी ३ वाजता पुरे होतात. म्हणजे ‘८ तास’ प्रत्यक्षात ४७ तास झाले.

अनघा_डीजी
आमच्या जनरेटरच्या करारातही ४ भेटी होत्या. बंद पडल्यावर बोलावलेल्या भेटीही त्यांनी त्यातच मोजल्या आणि वर्ष संपण्याआधी कोटा संपला. मी तर म्हणेन, असा करार घेऊच नये.

नटबोल्ट
करार घ्यावा की नाही, हा येथे प्रश्न नाही; पण मुद्दा नेमका आहे. नियोजित भेटी आणि ब्रेकडाउनच्या भेटी वेगळ्या ओळींत लिहाव्यात. दुसरीबाबत करार गप्प असेल, तर अंदाजाने ‘अमर्याद’ न लिहिता ‘उल्लेख नाही’ असेच लिहावे.

प्लँटवाला
व्याख्येचे पान पाहिले. कामाचे तास तुम्ही म्हणता तसेच आहेत, मात्र ‘प्रतिसाद’ म्हणजे ‘दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष’ असे लिहिले आहे. मग तंत्रज्ञ येण्याची मुदत कुठून काढायची?

नटबोल्ट
या शब्दांवरून ती निघत नाही. त्या रकान्यात ‘केवळ संपर्क, ८ कामाचे तास’ अशी नोंद करा आणि प्रत्यक्ष पोहोचण्याची मुदत पुरवठादाराकडून लेखी मागवा. ईमेलवरचे उत्तर पुरेल की सुधारणापत्र लागेल, हे करारातील बदलांच्या कलमावर अवलंबून राहील.

खरेदीकक्ष
आमच्याकडे ईमेल चालतो.