शब्दचर्चा: ‘हेतू’, ‘बघूया’ आणि लवकर काढलेला लग्नाचा विषय

आबोली (फोंडा)
दोन शब्दांबद्दल विचारायचं आहे, पण आधी प्रसंग सांगते. मैत्रिणीच्या लग्नात एका मुलाशी ओळख झाली. गेल्या दोन महिन्यांत आम्ही चार वेळा भेटलो. तो म्हापशाचा, घरी कोकणी. मी घरी मराठी. माझं वय 29 आहे आणि मला लग्न करायचं आहे, त्यामुळे हे लपवून फिरत राहणं मला पटत नव्हतं. चौथ्या भेटीत मिरामारला चालता चालता मी म्हणाले, “माझा हेतू लग्नाचा आहे, हे आत्ताच सांगते.” तो चालायचा थांबला. म्हणाला, “इतल्यांत? पळोवया.” त्यानंतरही त्याचे फोन येतात, तो नेहमीसारखाच बोलतो, पण या विषयावर एक अक्षर नाही.

‘हेतू’ हा शब्द चुकला का? आणि ‘पळोवया’, म्हणजे आपलं ‘बघूया’, याचं वजन नेमकं किती धरायचं?

गावकर मास्तर (पेडणे)
बाय, शब्द चुकीचा नाही, पण त्याला एक वास आहे. ‘हेतू’चा मूळ अर्थ कारण. न्यायशास्त्रात तो त्याच अर्थाने येतो. मराठीत त्याचा उद्देश असा अर्थ झाला, आणि रोजच्या बोलण्यात आपण तो बहुतेक वेळा संशयाने वापरतो. “त्याचा हेतू काय?” असं आपण चांगल्या माणसाबद्दल सहसा विचारत नाही. ‘हेतुपुरस्सर’ केलेली गोष्ट बहुधा वाईटच असते. म्हणून “माझा हेतू लग्नाचा आहे” हे ऐकणाऱ्याला आधीच्या भेटींचा खुलासा केल्यासारखं वाटतं, जणू त्या भेटींमागे काही दडलेलं होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या कर्त्याची आहे. लग्नाचा विषय लवकर काढायचा तर वाक्य स्वतःबद्दल असावं, समोरच्याबद्दल नसावं. “मला लग्न करायचं आहे” आणि “मला तुझ्याशी लग्न करायचं आहे” यांत एकाच शब्दाचा फरक आहे. पण पहिलं वाक्य म्हणजे स्वतःची दिशा सांगणं, आणि दुसरं म्हणजे मागणी घालणं. चौथ्या भेटीत पहिलं सांगता येतं. दुसरं सांगण्याइतकी तुमची ओळख अजून झालेलीच नाही. तू ‘तुझ्याशी’ म्हणाली नाहीस, पण ‘हेतू’ला कुणीतरी लक्ष्य लागतं, आणि समोर तोच होता. त्याने ती मागणी म्हणूनच ऐकली असावी.

मी असतो तर म्हटलं असतं, “मी कुणाला भेटते ती लग्न डोळ्यांसमोर ठेवून. तुझ्या मनात या बाबतीत काय आहे?” पुढचा प्रश्न सोडायचा नाही. तो नसला की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हो म्हणायचं की नाही. प्रश्न असला की त्याला स्वतःबद्दल बोलायला जागा मिळते.

खाजन (दिवाडी)
मास्तर म्हणतात ते खरं, पण आमच्या गोंयात ‘हेतू’ला कायद्याचंही वजन आहे. रजिस्ट्रारकडे पहिली सही करतात ती हेतूचीच. ती झाली की लग्न झाल्यातच जमा, मोडता येत नाही. त्यामुळे तो शब्द ऐकून कुणीही दचकेल.

सांगेकर
पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. मी काही वर्षं तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाबाहेर लोकांचे अर्ज लिहून दिले आहेत. पहिली सही म्हणजे आम्हाला लग्न करायचं आहे असं दोघांनी जाहीर करणं. मग नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर ती मागवतात. लग्न नोंद होतं ते दुसऱ्या सहीने. मधल्या काळात कुणी मागे फिरलं तर ते लग्न झालेलंच नसतं.

घोटाळा भाषेतच आहे. लोक दोन्हींना नुसतं “सही झाली” म्हणतात. एका घरात मुलीकडचे “सही झाली” म्हणजे लग्न झालं असं धरून हॉल ठरवत होते आणि मुलाकडचे “सही झाली” म्हणजे नुसतं नाव दिलं असं समजत होते. दोघंही खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या सहीपूर्वी मुलाने वेळ मागितली तेव्हा हे बाहेर आलं आणि रडारड झाली.

आणखी एक सांगतो, कारण ते या विषयाला लागून आहे. इथे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. करार करायचा तर तो लग्नापूर्वीच. म्हणून “मागीर बघू” म्हणत सहीच्या दारापर्यंत येणाऱ्यांना शेवटी फार घाईत फार मोठ्या गोष्टी ठरवाव्या लागतात. लवकर बोललीस ते बरं केलंस.

शांता वहिनी (डिचोली)
अगो, एवढा शब्दांचा काथ्याकूट कशाला? बायोडाटात ‘अपेक्षा’ म्हणून रकाना असतो, त्यात स्पष्ट लिही. आणि मुलीने स्वतः बोलू नये, मामाला किंवा काकाला मधे घाल. आमच्या वेळी सोयरीक मध्यस्थाकडूनच यायची, नकार आला तरी तोंडावर येत नसे.

आबोली
वहिनी, तुमचं मन कळतं. पण हे स्थळ नाही, आमची ओळख आहे. मामाला पाठवलं तर त्याच्या घरी ती थेट मागणीच होईल, आणि त्याचं स्वतःचं अजून ठरलेलं नसताना त्याला सगळ्या घरासमोर उत्तर द्यावं लागेल. ते मला नको आहे.

तिसवाडीकर
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी तो ‘बघूया’ म्हणणारा मुलगा होतो. आता लग्नाला सहा वर्षं झाली, तिच्याशीच. तिने तिसऱ्या महिन्यात विचारलं तेव्हा मी “बघूया” म्हणालो, आणि पुढे आणखी दोनदा तेच. मला ती नको होती असं नव्हतं. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, घराचं कर्ज बाबांच्या नावावर होतं, आणि हे सगळं सांगितलं तर मी कारणं देतोय असं वाटेल म्हणून मी एकच शब्द वापरत राहिलो.

तिने शेवटी विचारलं, “तुझं नक्की कशाबद्दल ठरत नाही? लग्नाबद्दल, माझ्याबद्दल, की वेळेबद्दल?” तिन्ही वेगळे आहेत हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. वेळेबद्दल, हे उत्तर माझ्या तोंडून अर्ध्या मिनिटात आलं. तिने तीन पर्याय समोर ठेवले नसते तर मी चौथ्यांदा ‘बघूया’च म्हटलं असतं. आबोली, तुला हाच प्रश्न विचारावा लागेल असं वाटतं.

शेवंती (म्हापसा)
माझं उलट झालं. माझ्या वेळीही तो बघूयाच म्हणायचा, आणि मी अडीच वर्षं थांबले. मी विचारलं तेव्हा तोही म्हणाला वेळेबद्दल. पण वेळ कधी आलीच नाही. आम्ही त्याला ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणायचो. आता वाटतं, तळ्यात-मळ्यात तो होता, आणि ‘अधांतरी’ मी होते. या दोन शब्दांची गल्लत करू नका. पहिला ठरवत नसतो आणि त्याचं फारसं काही अडत नाही. दुसरी थांबते आणि तिची वर्षं जातात. मी त्याला ‘धरसोड’ म्हणून दोष द्यायचे, पण त्याने काही धरलंच नव्हतं.

गावकर मास्तर (पेडणे)
शेवंतीताई, तुमच्या लिहिण्याने मला ‘बघूया’कडे परत यावं लागतं. ‘बघूया’ आणि ‘पळोवया’ दोन्हींत कर्ता ‘आपण’ आहे, म्हणजे ऐकणाराही त्यात आला. ‘बघूया’ म्हटलं की बघायचं काम दोघांचं होतं आणि उत्तर कुणा एकाच्या गळ्यात पडत नाही. ‘बघतो’ म्हटलं तर निदान कर्ता एकटा असतो. ‘विचार करतो’ यातही कर्ता आहे, पण उत्तराचं वचन नाही, माणूस जन्मभर विचार करू शकतो. ‘विचार करून सांगतो’ यात ‘सांगतो’ आलं, म्हणजे उत्तर येणार. आणि ‘अमक्या दिवसापर्यंत सांगतो’ यात मुदत आली.

ऐकताना ही पायरी ओळखावी. जो खरंच ठरवण्याच्या वाटेवर आहे त्याचे शब्द महिन्या-दोन महिन्यांत एक पायरी तरी वर चढतात. शेवंतीताईंच्या बाबतीत अडीच वर्षं एकच क्रियापद राहिलं.

तिसवाडीकर
मास्तर, माझं क्रियापदही तीन वेळा तेच होतं, आणि मी लग्न केलं. नुसत्या शब्दावरून माणूस ओळखता येत नाही. मी ‘बघूया’ म्हणत होतो तेव्हाच तिला आईला भेटवलं होतं.

गावकर मास्तर (पेडणे)
हे मान्य. आईला भेटवणं हीच चढलेली पायरी होती, फक्त ती शब्दांत नव्हती.

आबोली
काल पणजीत भेटलो. मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं नाही, पण त्या वळणाने बोलले. “त्या दिवशी मी मागणी घातल्यासारखं वाटलं असेल तर तसं नव्हतं. मला लग्न करायचं आहे, एवढंच माझ्याबद्दल सांगत होते. तुझं कशाबद्दल ठरत नाही, लग्नाबद्दल, माझ्याबद्दल, की वेळेबद्दल?” तो बराच वेळ मांडवीकडे बघत होता. मग म्हणाला, लग्न करायचं आहे हे त्याला माहीत आहे. माझ्याबद्दल अजून नक्की माहीत नाही, कारण दोन महिने फार कमी आहेत. मला वाईट वाटलं, पण ते ‘पळोवया’पेक्षा खरं होतं. मी म्हणाले, “मला हो नको आहे आत्ता. पण किती थांबायचं ते मला माझ्यासाठी ठरवावं लागेल.” तो म्हणाला, “चवथीनंतर सांगतां.”

आता तुम्हीच सांगा, ही मुदत धरायची का?

शेवंती (म्हापसा)
‘नंतर’ला शेवट नाही गं. चवथीनंतर दिवाळी येते, मग शिगमो.

सांगेकर
इथे सगळी कामं चवथीच्या आधी किंवा नंतर अशीच सांगतात, सुतार आणि गवंडीही. त्याने मुद्दाम मोघम सांगितलं असं मी धरणार नाही.

गावकर मास्तर (पेडणे)
दोघांचंही खरं. ‘पर्यंत’ बंद असतं, ‘नंतर’ उघडं. ते बंद करायचं तर नवीन प्रश्न नको, त्याचेच शब्द घेऊन दिवस जोड. “चवथीनंतरच्या दुसऱ्या रविवारी भेटू, तेव्हा सांग.” तो “बरं” म्हणाला तर मुदत ठरली. पुन्हा “पळोवया” म्हणाला तर…

आबोली
तर ते वाक्य मला स्वतःला सांगावं लागेल. रविवारी फोन करते.